बिनवासाचं धुणं

कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत धुणं वाळवणं हा घराघरातला रोजचा प्रश्न असतो. झड लागली की चार-चार दिवस उघडीप नाही. गॅलरीतल्या वलणीवर टाकलेले कपडे सकाळचे संध्याकाळपर्यंत ओलसरच राहतात, आणि तिसऱ्या दिवशी घडी घालताना त्यांना कुबट वास येतो. त्यावर उपाय म्हणून दुकानातून निळी किंवा गुलाबी बाटली येते. तिच्यातलं टोपणभर पाणी शेवटच्या बादलीत घातलं की कपाट फुलांच्या दुकानासारखं घमघमतं. पुढे कधीतरी घरातल्या लहानग्याच्या मानेवर, कोपराच्या लवणीत लाल पुरळ उठते, किंवा आजीला चादर तोंडाशी घेतली की खोकल्याची उबळ येते. डॉक्टर सांगतात, वासाचा साबण बंद करून बघा. मग दुकानात गेल्यावर कळतं, की बिनवासाचं काही मिळतच नाही. लहान बाळांसाठी म्हणून वेगळं ठेवलेलं पाकीटही हुंगून पाहिलं तर त्याला वास असतोच.

हा लेख अशा घरांसाठी आहे. कपड्यात वास कुठून येतो आणि किती टिकतो हे एकदा नीट समजलं, की तो काढून टाकायला काय करायचं हे आपोआप स्पष्ट होतं.

वास शेवटी येतो

कपड्याची पावडर करणारे लहान उत्पादक आणि बचत गट आपल्याकडे जागोजागी आहेत. त्यांचं काम एकदा जवळून पाहावं. घमेल्यात किंवा मिक्सरमध्ये सोडा ॲश घेतात आणि त्यात ‘ॲसिड स्लरी’ ओततात. हा दाट, तपकिरी, काकवीसारखा दिसणारा द्रव म्हणजे मळ काढणारा मुख्य घटक. तो पेट्रोलियमपासून बनतो आणि त्याला रॉकेलच्या जातीचा उग्र दर्प असतो. सोड्याशी त्याची गाठ पडली की मिश्रण चांगलंच तापतं. ते पसरून थंड करतात, चाळतात, रंगीत दाणे मिसळतात आणि सगळ्यात शेवटी ‘सेंट’ फवारतात. गरम मालावर तो फवारला तर उडून जातो, म्हणून त्याचा नंबर शेवटचा. मोठ्या कारखान्यात यंत्रं वेगळी असली तरी क्रम हाच असतो. म्हणजे मळ काढण्याचं काम वास घालण्याच्या आधीच पूर्ण झालेलं असतं. सेंट घातला नाही तरी पावडर तेवढीच काम करते.

मग तो घालतात का? पहिलं कारण वर आलंच, मूळ मालाचा दर्प झाकायला. सॉफ्टनरच्या बाबतीत ही गरज आणखी मोठी असते. कपडा मऊ करणारे त्याचे घटक पामतेल किंवा जनावरांच्या चरबीपासून तयार होतात. त्यांना मेणचट, कधी माशासारखा वास असतो, आणि तो कुणाला आपल्या टॉवेलला नको असतो.

दुसरं कारण जास्त खरं आहे. कपडा स्वच्छ झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवणं अवघड असतं. आठवड्यातून तीनदा धुतला जाणारा शर्ट मुळात फारसा मळलेलाच नसतो. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना बिनवासाची पावडर दिली तर पहिल्याच दिवशी त्या म्हणतात, “वैनी, ह्याला वासच न्हाई. धुतल्यासारखं वाटत न्हाई बगा.” हीच भावना तुमची-आमची असते, आणि साबण कंपन्यांचा सगळा व्यापार तिच्यावर चालतो. सर्फ भारतात १९५९ साली आला आणि निरमाची पिवळी पावडर १९६९ साली. तेव्हा जाहिरातीत भांडण पांढरेपणाचं आणि किमतीचं होतं. आज एका किमतीच्या दोन पावडरींत मळ काढण्याच्या बाबतीत घरच्या माणसाला जाणवेल असा फरक थोडाच असतो. मग वेगळेपण दाखवायला वास उरतो. पाकीट उघडताना एक वास, पाण्यात घातल्यावर भपकारा, ओल्या कपड्याला मंद वास, वाळल्यावर वेगळा आणि अंगात घातल्यावर आणखी वेगळा, अशी आखणी करूनच हे सेंट तयार केले जातात.

तिसरं कारण धुण्याच्या पद्धतीतच आहे. पावडरीतला बराचसा सेंट फेसाच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून जातो. कपड्यावर थोडासाच उरतो. तेवढ्याचाही वास यावा म्हणून मुळात भरपूर घालावा लागतो. त्यात आपल्या नाकाला रोजच्या वासाची सवय होते. महिन्याभराने तो जाणवेनासा होतो, आणि एका टोपणाची दोन टोपणं होतात. पाहुणी आलेली बहीण दारातच म्हणते, “काय गं, किती वास हा!” तेव्हा ती खोटं बोलत नसते.

किती टिकतो

सेंट म्हणजे एकच पदार्थ नसतो, वीस-तीस किंवा त्याहून जास्त पदार्थांचं मिश्रण असतं. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास आधी उडतात, फुलांचे मधले, आणि कस्तुरीच्या जातीचे कृत्रिम वास सगळ्यांत शेवटी. धुऊन वाळलेल्या चादरीला येणारा तो ‘पावडरी’ वास बहुतेक वेळा ह्या शेवटच्या गटाचा असतो. तो मंद असतो, पण चिवट.

साध्या पावडरीने धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या सुती कपड्याचा वास घडी घालेपर्यंतच निम्म्याहून जास्त गेलेला असतो. एक-दोन दिवसांत तो नाकाला लागत नाही. तोच कपडा घरात, पंख्याखाली वाळवला तर जास्त टिकतो. पॉलिस्टर सुतापेक्षा जास्त काळ वास धरून ठेवतं, कारण सेंट तेलकट असतो आणि पॉलिस्टर तेल ओढतं. शाळेच्या गणवेशाला आणि खेळाच्या टी-शर्टला सेंटचा आणि घामाचा, दोन्ही वास चिकटून बसतात ते ह्याच कारणाने.

सॉफ्टनरचं गणित वेगळं आहे. त्यातल्या मऊ करणाऱ्या घटकावर धन विद्युतभार असतो आणि पाण्यातल्या सुती धाग्यावर ऋण, त्यामुळे तो घटक धाग्याला धरून बसतो. शिवाय आपण सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात घालतो, त्यानंतर कपडा खंगाळत नाही. म्हणजे जे घातलं त्यातलं बरंच कपड्यावरच राहतं. बंद कपाटात हा वास आठवडाभर सहज टिकतो.

काही बाटल्यांवर ‘महिनाभर सुगंध’ किंवा ‘हालचालीबरोबर नवा सुगंध’ असं लिहिलेलं असतं. तिथे तिसरा प्रकार असतो. सेंटचे अतिसूक्ष्म थेंब प्लॅस्टिकसारख्या पातळ कवचात बंद केलेले असतात. ह्या कुप्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या धाग्यांत अडकतात आणि कपडा अंगावर घासला, घडी मोडली की फुटतात. कपाटात न हलवता ठेवलेल्या साडीचा वास आठवड्यांनंतरही ताजा वाटतो तो ह्यामुळे. एका धुण्यात ह्या कुप्या सगळ्या जात नाहीत. कवच प्लॅस्टिकच्या जातीचं असल्याने युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर जी बंधनं आणली त्यांत ह्या कुप्याही आल्या. कंपन्यांना त्यासाठी २०२९ पर्यंत मुदत आहे. आपल्या मोरीतलं पाणी शेवटी पंचगंगेकडे जातं, एवढं इथे सांगून पुढे जातो.

त्रास कुणाचा: वासाचा की साबणाचा?

पुरळ उठली की सरळ साबणाला दोष देतात. त्वचेच्या चाचण्यांत डिटर्जंटची खरी ॲलर्जी मात्र फार थोड्या लोकांत सापडते. बहुतेक वेळा गुन्हेगार दोनांपैकी एक असतो. एक म्हणजे नीट न खंगाळल्यामुळे कपड्यात उरलेला सोडा आणि साबण. तो घामाने ओला झाला की त्वचा चुरचुरते. हे कुणालाही होऊ शकतं. मूल ॲटोपिक एक्झिमाचं असेल, म्हणजे त्वचा मुळातच कोरडी आणि तडतडीत असेल, तर लवकर होतं. दुसरा म्हणजे सेंटमधले काही ठरावीक पदार्थ. त्यांतले लिमोनीन आणि लिनालूल हे दोन फार सर्रास वापरले जातात. ताजे असताना ते तितके त्रासदायक नसतात, पण हवेशी संयोग होऊन त्यांचे जे पदार्थ बनतात ते ॲलर्जी आणतात. ते लिंबाच्या सालीत आणि लव्हेंडरमध्येही असतात. म्हणून ‘नैसर्गिक तेलांचा सुगंध’ लिहिलेलं पाकीट ह्या घरांना उपयोगाचं नाही.

दमा आणि अर्धशिशी ह्यांचं थोडं वेगळं. तिथे ॲलर्जी असायलाच हवी असं नाही. तीव्र वास श्वासनलिकेला नुसता चिडवतो आणि उबळ येते.

ह्या दोन गुन्हेगारांना वेगळं करण्याची एक घरगुती चाचणी आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे आपल्याकडे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तेच इथे वापरायचं. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर पातळ फासा आणि वाळू द्या. कपडे शेवटच्या पाण्यातून काढल्यावर बादलीत उरलेलं पाणी एका वाटीत घ्या आणि दुसऱ्या वाटीत नळाचं साधं पाणी. दोन्हींत एकेक पट्टी बुडवा. नळाच्या पाण्यातली पट्टी पिवळीच राहिली आणि दुसरी तांबूस झाली, तर सोडा अजून कपड्यात आहे आणि आधी खंगाळणं सुधारायला हवं. दोन्ही पिवळ्या राहिल्या आणि तरी पुरळ येत असेल, तर सेंटवर संशय घ्यायला जागा आहे. ही चाचणी सोडा असलेल्या पावडरी आणि वड्यांनाच लागू पडते. द्रव साबणात सोडा नसतो किंवा फारच कमी असतो, तिथे हळद काही सांगणार नाही.

खंगाळण्याचा हिशेब

एक छोटा हिशेब मांडतो. समजा, साबणातून काढलेल्या कपड्यांत, पिळल्यानंतरही, दोन लिटर पाणी उरलं आहे. ते दहा लिटर स्वच्छ पाण्यात बुडवले. आता एकूण बारा लिटर झालं. पुन्हा पिळल्यावर दोन लिटर कपड्यांत राहणार, म्हणजे विरघळलेल्या साबणाचा सहावा हिस्सा उरला. दोनदा केलं तर छत्तिसावा, तीनदा केलं तर दोनशे सोळावा.

आता न पिळता, नुसते उचलून दुसऱ्या बादलीत टाकले तर? कपड्यांत चार लिटर पाणी राहिलं असं धरा. मग तीन बादल्या खर्चूनही साधारण त्रेचाळिसावा हिस्सा मागे राहतो. उलट, प्रत्येक पाण्यानंतर मशीनच्या स्पिनरमध्ये फिरवून एकच लिटर राहू दिलं, तर दोनच बादल्यांत एकशे एकविसाव्या हिश्श्यावर येतो. पाणी वाढवण्यापेक्षा मधे पिळणं जास्त कामाचं आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असलेल्यांना हे सहज जमतं. साबणाच्या पाण्यातून काढून आधी स्पिन, मग खंगाळ, पुन्हा स्पिन, पुन्हा खंगाळ. फुली ऑटोमॅटिकमध्ये ‘एक्स्ट्रा रिन्स’चं बटण असतं, ते कायम लावून ठेवा.

पावडरही कमी घ्या. पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या एक तृतीयांश कमी घेऊन चार धुणी करून बघा. रोजच्या घामाच्या कपड्यांना तेवढी पुरते. कॉलर-मनगटांना आधी हाताने साबण लावायचा.

पाणी कोणतं आहे ह्यावरही बरंच अवलंबून आहे. शहरात महापालिकेचं पाणी नदीचं किंवा धरणाचं. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली. हे पाणी त्या मानाने मऊ असतं. उपनगरांतल्या अनेक अपार्टमेंटमध्ये मात्र धुण्याला बोअरचं पाणी येतं आणि ते जड असू शकतं. ओळखायला सोपं आहे. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचा नखाएवढा तुकडा विरघळवा आणि जोरात हलवा. डिटर्जंट नको, साबणच हवा. वर भरघोस फेस आणि खाली जवळपास स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी मऊ. फेस नाही आणि पाणी दुधट, वर साय आल्यासारखी, तर ते जड. ह्या चाचणीचा उपयोग लगेच पुढे येतो.

बिनवासाचं मिळवायचं कसं

सरळ मार्ग म्हणजे पाकिटावर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेला द्रव साबण. ऑनलाइन मिळतो, मोठ्या सुपरमार्केटमध्ये कधीकधी दिसतो, पण महाग असतो. ‘अनसेंटेड’ हा शब्द मात्र सावधपणे घ्या. वास येऊ नये म्हणून वास झाकणारा सेंट घातलेला मालही ह्या नावाने विकला जातो. पाकिटामागची यादी वाचायची आणि ‘परफ्यूम’, ‘फ्रॅग्रन्स’, ‘एसेन्शिअल ऑइल’ ह्यांपैकी एकही शब्द असेल तर ठेवून द्यायचं. युरोपात ठरावीक ॲलर्जीकारक सुगंधी पदार्थांपैकी एखादा शेकडा ०.०१ पेक्षा जास्त असेल तर तो नावानिशी छापावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर ‘परफ्यूम’ एवढ्या एकाच शब्दात सगळं आटोपतं, आणि काहींवर तेवढंही नसतं.

दुसरा मार्ग आपल्या भागात जास्त सोयीचा आहे. सुटी पावडर करणारा बचत गट किंवा लहान उत्पादक ओळखीचा असेल तर त्यांना सांगा, “सेंट घालायच्या आधीची पाच किलो काढून ठेवा.” सेंट शेवटी घालतात म्हटल्यावर त्यांना ह्यात वेगळं काही करावं लागत नाही, उलट थोडे पैसे वाचतात. रंगीत दाणेही घालू नका म्हणावं. पण एक अट ठेवा. स्वस्त सुट्या पावडरीत सोडा फार असू शकतो. चमचाभर पावडर मग्यात कालवून बोटं बुडवा. ती बुळबुळीत होऊन धुतल्यावर कोरडी, ओढल्यासारखी वाटली, तर ती पावडर नाजूक त्वचेच्या माणसाच्या कपड्यांना नको. आणि अशा पावडरीला थोडा मूळचा दर्प येणारच. नीट खंगाळल्यावर तो राहत नाही.

तिसरा मार्ग जुना आहे. धुण्याचा सोडा आणि बिनवासाचा साधा साबण किसून. पाणी मऊ असेल तरच हे जमतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय कपड्यांवर बसते, पांढरे कपडे राखाडी होतात आणि टॉवेल कडक. म्हणून ती बाटलीची चाचणी. सोडा किराणा दुकानात मिळतो, मात्र धुण्याचाच घ्या, खायचा नाही. लोकर आणि रेशमाला तो लावायचा नाही, आणि हाताने धुणार असाल तर हातमोजे घाला.

रिठ्याबद्दल लोक फार उत्साहाने बोलतात. रिठा चांगला आहे, पण त्याची ताकद मर्यादित आहे. आठ-दहा रिठे बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा. हे पाणी रेशमी साडी, लोकरी स्वेटर, बाळाची झबली ह्यांना उत्तम. त्याचा आंबूस वास वाळल्यावर जातो. पण शेतावरच्या किंवा गॅरेजमधल्या मळलेल्या कपड्यांना ते पुरत नाही, पांढऱ्यावर पिवळट झाक येऊ शकते, आणि दोन दिवसांत पाणी खराब होतं. डोळ्यांत गेलं तर झोंबतं.

सॉफ्टनरच्या जागी काय, असं विचारतात. खरं तर दोरीवर वाळवणाऱ्या घराला त्याची फारशी गरजच नाही. परदेशात गरम हवेच्या ड्रायरमध्ये कपडे एकमेकांना चिकटतात, तिथे त्याचा एक उपयोग आहे. आपले कपडे कडक होतात ते उरलेल्या साबणाने, पाण्यातल्या क्षारांनी आणि न झटकता वाळत घातल्याने. पिळलेला टॉवेल दोन टोकं धरून चार वेळा सणसणीत झटका, वाळल्यावर पुन्हा झटका, बराच फरक पडतो. जड पाणी असेल तर शेवटच्या बादलीत एक छोटा चमचा लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किंवा अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घाला. त्याने उरलेला सोडाही मरतो. व्हिनेगरचा वास वाळेपर्यंत जातो. ब्लीच वापरत असाल त्या दिवशी मात्र लिंबूसत किंवा व्हिनेगर अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सॉफ्टनर टॉवेलवर काय करतो हे बघायचं असेल तर वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच मुरला पाहिजे. मोत्यासारखा वर बसून राहिला, तर धाग्यावर स्निग्ध थर चढला आहे. असा टॉवेल अंग पुसत नाही, पाणी इकडून तिकडे सारतो.

कुबट वासाचं काय

सॉफ्टनर बंद केला की पावसाळ्यात पहिली तक्रार हीच येणार. हा वास जिवाणूंचा असतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातला मुख्य जिवाणू शोधला. त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो कोरडेपणात तग धरतो, म्हणून कपडा एकदा वाळला तरी पुन्हा ओला झाल्यावर वास परत येतो. सॉफ्टनरने तो जिवाणू मरत नाही, वास तेवढा झाकला जातो, आणि धाग्यावरचा स्निग्ध थर कपडा वाळायला मदतही करत नाही.

उपाय उष्णतेचा आणि वेगाचा आहे. ज्या चादरी-टॉवेलांना वास बसला आहे ते पक्क्या रंगाचे सुती असतील तर गीझरच्या कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. धुतलेले कपडे मशीनमध्ये तसेच ठेवू नका, तासाभराच्या आत बाहेर काढा. दोनदा स्पिन करा. वलणीवर दोन कपड्यांत वितभर अंतर ठेवा आणि पंखा वर लटकवलेला असला तर कपडे त्याच्या झोतात येतील असे टांगा. किंचित ओलसर असतानाच दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवली की जिवाणूंचा बंदोबस्त होतो. शर्ट-परकराला हे जमतं. वाकळ मात्र पावसाळ्यात धुवायलाच काढू नका. ती मेमध्ये किंवा दिवाळीच्या उन्हात.

सुरुवात कुठून

घरातले सगळे कपडे एका दिवसात बिनवासाचे करायला जाऊ नका, फसाल. आधी मशीन. सॉफ्टनरचा कप्पा काढून ब्रशने घासा, त्यात चिकट गाळ साचलेला असतो. मग रिकामं मशीन शक्य तितक्या गरम पाण्यावर, मूठभर धुण्याचा सोडा घालून, एकदा पूर्ण फिरवा. मशीनलाच वास असेल तर पुढचं सगळं फुकट जातं.

त्यानंतर त्रास असलेल्या माणसाच्या त्वचेला जास्त वेळ लागणारे कपडे घ्या: उशीचा अभ्रा, चादर, पांघरूण, आतले कपडे, टॉवेल. ते सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून धुवा आणि मिळेल तेव्हा उन्हात टाका. कुप्यांचा सॉफ्टनर वापरला असेल तर चार-पाच धुण्यांनंतरही वास येऊ शकतो. तेव्हा अभ्रे नवे घेणं सोपं पडतं. नवा कपडाही वापरण्याआधी एकदा धुवा, कारण कापड तयार करतानाच प्रोसेस हाउसमध्ये त्यावर मऊपणासाठी रसायनं दिलेली असतात. बिनवासाचे कपडे वेगळ्या कप्प्यात ठेवा, वासाच्या साड्यांशेजारी ठेवले तर ते वास ओढून घेतात. डांबरगोळ्याही त्या कप्प्यात नकोत.

हे तीन ते चार आठवडे चालू ठेवा आणि ह्या काळात दुसरं काही बदलू नका. अंगाचा साबण, तेल, मलम सगळं तेच राहू द्या. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. वास गेला की नाही हे घरातल्या माणसाला विचारू नका, त्याचं नाक सरावलेलं असतं. शेजारच्या वहिनींना विचारा. पुरळ कमी झाली तर एकदा मुद्दाम जुन्या पावडरीत धुतलेला अभ्रा चार रात्री वापरून बघता येतो. पुन्हा उठली की खात्री. दम्याच्या माणसावर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

इस्त्रीवाल्याला आणि लाँड्रीलाही सांगावं लागतं. अनेक ठिकाणी इस्त्रीच्या फवाऱ्यात सेंट मिसळलेला असतो. मावशींना नुसतं “घालू नका” म्हणून चालत नाही, बाटली घरातून जायला हवी.

महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, पुरळ ओलसर झाली किंवा पसरली, तर घरगुती प्रयोग थांबवा. सीपीआरच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास लावून ठेवतात आणि त्यानंतर दोन वेळा तपासतात. जाताना पावडर, सॉफ्टनर आणि अंगाचा साबण ह्यांची पाकिटं बरोबर न्या. वासाने छाती भरून येत असेल, दम लागत असेल तर महिना थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

आणि एवढं सगळं जमणार नसेल, एकच गोष्ट करायची असेल, तर सॉफ्टनर बंद करा. पावडरीचा वास दोन दिवसांत उतरतो. सॉफ्टनरचा तुमच्या उशीवर आठवडाभर राहतो.